ट्रसमधल्या मेंबरचे बल काढताना सांधा पद्धत की छेद पद्धत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उत्तरे एकाच ट्रसवर दिली आहेत, म्हणून आधी तो ट्रस कागदावर काढून घ्या. हा १८ मीटर गाळ्याचा प्रॅट ट्रस आहे. ३ मीटरची सहा पॅनेल, उंची ४ मीटर. खालच्या कॉर्डवरचे सांधे डावीकडून ख०, ख१, ख२ असे ख६ पर्यंत. वरचे सांधे व१ ते व५, प्रत्येक आपापल्या खालच्या सांध्याच्या बरोबर वर. ख० ला पिन, ख६ ला रोलर. दोन्ही टोकांना ख०व१ आणि ख६व५ हे तिरके मेंबर आहेत. मधले तिरके मेंबर वरून मध्याकडे खाली उतरतात: डावीकडे व१ख२ आणि व२ख३, उजवीकडे त्यांचे प्रतिबिंब. ख१ ते ख५ या पाच सांध्यांवर प्रत्येकी २० किलोन्यूटन भार आहे. एकूण १०० किलोन्यूटन, त्यामुळे दोन्ही आधारांवर ५० किलोन्यूटनची रिअॅक्शन येते. ३ आणि ४ च्या काटकोनामुळे प्रत्येक तिरका मेंबर ५ मीटरचा होतो. त्याच्या बलाचा उभा घटक ०.८ पट, आडवा घटक ०.६ पट.

दोन्ही पद्धतींत मुळात फरक काय आहे?

समतोलाचे नियम तेच आहेत, आपण तोडून बाजूला काढतो तो तुकडा वेगळा आहे. सांधा पद्धतीत एकच सांधा बाजूला काढतात. तिथली सगळी बले एका बिंदूतून जातात, त्यामुळे मोमेंटचे समीकरण काहीच सांगत नाही. आडव्या आणि उभ्या बलांची बेरीज शून्य, एवढी दोनच समीकरणे हाती उरतात. म्हणून एका सांध्यावर दोनपेक्षा जास्त अज्ञात बले चालत नाहीत.

छेद पद्धतीत ट्रसचे दोन भाग करून एक भाग अखंड उचलतात. त्या भागावरची बले एका बिंदूतून जात नाहीत, त्यामुळे मोमेंटचे समीकरणही कामाला येते. तीन समीकरणे, तीन अज्ञात. या पद्धतीचा खरा फायदा मात्र संख्येपेक्षा मोमेंटमध्ये आहे: बिंदू नीट निवडला तर तीनपैकी दोन अज्ञात गळून पडतात आणि हवे ते बल एका ओळीत मिळते. जर्मन अभियंता ऑगस्ट रिटर यांच्या नावाने ही पद्धत आजही ओळखली जाते.

मग निवड कशावरून करायची?

तीन गोष्टी पाहा, याच क्रमाने. पहिली, किती मेंबरची बले हवी आहेत. सगळ्यांची हवी असतील तर सांधा पद्धत, दोन-तीन ठरावीक मेंबरची हवी असतील तर छेद. दुसरी, हवा असलेला मेंबर आधारापासून किती लांब आहे. टोकाच्या पॅनेलमधल्या मेंबरसाठी छेद घेण्यात काही वाचत नाही. मध्यावरच्या मेंबरसाठी खूप वाचते. तिसरी, ज्या सांध्यापासून सुरुवात करायची तिथे अज्ञात दोनच आहेत का आणि पुढचा प्रत्येक सांधा दोन अज्ञातांत सुटत जातो का. मध्येच तीन अज्ञातांचा सांधा आडवा आला तर पद्धतीची आवड-निवड संपते, छेद घ्यावाच लागतो.

प्रत्यक्षात एकाच ट्रसवर दोन्ही वापराव्यात असे आमचे ठाम मत आहे. ‘या गणिताला एकच पद्धत’ ही सवय परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतून लागते. डिझाइन करताना तिचा उपयोग नाही.

या ट्रसमध्ये सांधा पद्धतीने व२ख३ पर्यंत कसे पोहोचायचे?

ताण अधिक, दाब उणे धरू आणि प्रत्येक अज्ञात मेंबर सांध्याला ओढतो आहे असे मानून निघू. उत्तर उणे आले की तो मेंबर दाबात आहे. बाण मध्येच उलटे करायचे नाहीत.

ख० वर अज्ञात दोन. उभ्या दिशेत ५० + ०.८ × (ख०व१) = ०, म्हणून ख०व१ = −६२.५. आडव्या दिशेत त्याचा घटक ३७.५ येतो, तो पेलायला ख०ख१ = +३७.५.

ख१ वर २० चा भार उचलायला एकटा उभा मेंबर आहे, म्हणून ख१व१ = +२०. खालची कॉर्ड सरळ पुढे जाते, ख१ख२ = +३७.५.

व१ वर नीट थांबा, चुका इथेच होतात. टोकाचा तिरका मेंबर या सांध्याला ५० ने वर ढकलतो. ख१व१ त्याला २० ने खाली ओढतो. उरलेले ३० व१ख२ ने खाली ओढायला हवेत, म्हणून व१ख२ = ३० ÷ ०.८ = +३७.५. आडव्या दिशेत टोकाचा मेंबर ३७.५ ने उजवीकडे ढकलतो आणि व१ख२ २२.५ ने उजवीकडे ओढतो. म्हणून व१व२ = −६०.

ख२ वर व१ख२ चा उभा घटक ३० वर, भार २० खाली. राहिलेले १० उभ्या मेंबरने खाली ढकलायचे, म्हणजे ख२व२ = −१०. ख२ख३ = ३७.५ + २२.५ = +६०.

शेवटी व२. उभा मेंबर १० ने वर ढकलतो, म्हणून व२ख३ = १० ÷ ०.८ = +१२.५, आणि व२व३ = −६७.५.

एका मेंबरसाठी पाच सांधे आणि दहा समीकरणे झाली. वाटेत बाकीची आठ-नऊ बलेही मिळाली हे खरे, पण ती नको असतील तर हे कष्ट वाया गेले.

तेच बल छेद पद्धतीने किती ओळींत येते?

एका. ख२ आणि ख३ यांच्या मधून उभा छेद घ्या. तो व२व३, व२ख३ आणि ख२ख३ हे तीन मेंबर कापतो. डावा भाग उचला. त्यावर ५० वर आहे आणि ख१, ख२ चे २०-२० खाली. दोन्ही कॉर्ड आडव्या असल्याने उभ्या दिशेत त्यांचा वाटा नाही, म्हणून ५० − ४० − ०.८ × (व२ख३) = ० आणि व२ख३ = +१२.५.

वरच्या कॉर्डसाठी ख३ भोवती मोमेंट घ्या, कारण कापलेले बाकीचे दोन्ही मेंबर ख३ मधून जातात. ५० × ९ − २० × ६ − २० × ३ = २७०. ४ मीटर उंचीने भागले की ६७.५. डावा भाग ख३ भोवती वर उचलला जाऊ पाहतो, त्याला अडवायला वरची कॉर्ड दाबात हवी, म्हणून −६७.५. खालच्या कॉर्डसाठी व२ भोवती: ५० × ६ − २० × ३ = २४०, ४ ने भागून +६०.

तिन्ही उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे लक्षात घ्या. एक चुकले तरी बाकीची दोन बरोबर राहतात.

मोमेंटचा बिंदू ट्रसच्या बाहेर असला तर चालतो का?

चालतो, आणि वरची कॉर्ड उतरती असेल तर बहुतेकदा तोच लागतो. नियम असा: जे बल हवे ते सोडून बाकीच्या दोन कापलेल्या मेंबरच्या रेषा जिथे छेदतात तो बिंदू घ्या, मग तो कुठेही असो.

समजा एका पॅनेलमध्ये ट्रसची उंची ३ मीटरवरून ४ मीटर होते आणि पॅनेल ३ मीटरचे आहे. वरची कॉर्ड मागे वाढवली तर ती खालच्या कॉर्डच्या रेषेला ३ मीटर उंचीच्या सांध्याच्या ९ मीटर मागे भेटते. हा बिंदू अनेकदा आधाराच्याही पलीकडे जातो. त्याभोवती मोमेंट घेतला की दोन्ही कॉर्ड गळतात, फक्त तिरका मेंबर उरतो.

तिरक्या मेंबरचे लंब अंतर काढत बसू नका. बल आपल्या रेषेवर कुठेही सरकवता येते, तेव्हा ते त्या मेंबरच्या खालच्या टोकाशी नेऊन तिथे दोन घटकांत तोडा. आडवा घटक मोमेंटच्या बिंदूतूनच जातो, त्याचा मोमेंट शून्य. उभ्या घटकाचे अंतर सरळ ९ + ३ = १२ मीटर. कोन, साइन, लंब अंतर यातले काहीच लागत नाही, आणि लंब अंतराच्या त्रिकोणमितीत होणारी चूकही टळते.

उभ्या मेंबरसाठी छेद कसा घ्यायचा? सरळ उभा छेद तर त्याला कापतच नाही.

छेद सरळ असायला हवा अशी कुठलीही अट नाही. ख२व२ साठी रेषा वरच्या बाजूला व१ आणि व२ च्या मध्ये सुरू करा, तिरकी खाली आणा आणि खालच्या बाजूला ख२ आणि ख३ च्या मधून बाहेर काढा. ती व१व२, ख२व२ आणि ख२ख३ कापते. तिरका व१ख२ पूर्णपणे डाव्या भागात राहतो, त्याला धक्का लागत नाही. आता ख२ डाव्या भागात आहे, म्हणून ५० − २० − २० + (ख२व२) = ०, म्हणजे −१०. सांधा पद्धतीचेच उत्तर.

छेद काढताना एकच तपासणी करा: रेषा ओढल्यावर ट्रसचे खरोखर दोन सुटे तुकडे झाले का? एखादा मेंबर न कापता राहिला आणि दोन्ही तुकडे जोडलेलेच राहिले, तर मांडलेले समीकरण निरर्थक आहे.

छेदाजवळच्या सांध्यावरचा भार कोणत्या बाजूला मोजायचा?

सांधा ज्या तुकड्यात राहतो त्या तुकड्यात. छेद पद्धतीतली सर्वात महागडी चूक हीच आहे. व२ख३ साठीच्या छेदात ख३ उजव्या भागात राहतो. ख३ भोवती मोमेंट घेताना त्याचा भार घेतला काय, न घेतला काय, फरक पडत नाही, कारण अंतर शून्य आहे. म्हणून चूक लपते. पण उभ्या बलांच्या बेरजेत तो चुकून डाव्या भागात धरला तर ५० − ६० = −१० येते आणि व२ख३ = −१२.५.

आकडा तोच, चिन्ह उलटे. याचा परिणाम पोलादावर दिसतो. आयएस ८०० : २००७ प्रमाणे कायम ताणात राहणाऱ्या मेंबरचे कृशता गुणोत्तर ४०० पर्यंत चालते, स्थायी आणि चल भारांमुळे दाबात असणाऱ्याचे १८० पर्यंतच. ५ मीटरची पूर्ण लांबी धरली तर पहिल्यासाठी किमान गायरेशन त्रिज्या १२.५ मिलिमीटर लागते, दुसऱ्यासाठी २७.८. ताणातला मेंबर दाबात समजला तर पोलाद वाया जाते. उलट झाले तर बारीक अँगल दाबाखाली वाकतो. म्हणून चिन्हाची शंका आली की उजवा भाग घेऊन तेच समीकरण पुन्हा मांडा: ५० − ६० + ०.८ × (व२ख३) = ०, म्हणजे +१२.५. उजव्या भागात ख३, ख४ आणि ख५ असे तीन भार येतात, हे इथे आपोआप नजरेस पडते.

सगळ्या एकवीस मेंबरची बले हवी असतील तर?

सममिती पाहा. या ट्रसमध्ये अर्धाच भाग सोडवायचा आहे. त्यातही आमचा क्रम असा असतो: आधी ख२ आणि ख३ मधल्या छेदातून मध्यावरची तीन बले काढायची. मग ख० पासून सांधे सोडवत मध्याकडे यायचे. व२ वर पोहोचल्यावर +१२.५ आणि −६७.५ मिळाले की वाटेतले सगळे सांधे बरोबर आहेत याची खात्री होते. दोन टोकांकडून निघालेले हिशेब मध्ये भेटतात. नुसत्या सांधा पद्धतीत ही खात्री अगदी शेवटच्या सांध्यावर होते, आणि तिथे चूक कळली तर ती नेमकी कुठे झाली हे शोधायला सगळे पान उलटे वाचावे लागते.

सांधा पद्धतीत एक चूक झाली तर ती किती लांब जाते?

शेवटपर्यंत. समजा व१ वर ख१व१ चे २० विसरले. मग व१ख२ = ६२.५ येते, व१व२ = −७५, ख२व२ = −३०, ख२ख३ = +७५, व२ख३ = +३७.५. यातला एकही आकडा बघताक्षणी चुकीचा वाटत नाही, चिन्हेही बरोबर आहेत. ख३ वर मात्र दोन्ही तिरके मेंबर मिळून ६० ने वर ओढतात आणि भार फक्त २०. हिशेब जुळवायला ख३व३ मध्ये −४० टाकावे लागते. व३ कडे पाहा: तिथे दोन आडव्या कॉर्ड आणि हा एक उभा मेंबर, भार काही नाही, म्हणजे त्याचे बल शून्यच हवे. इथे चूक उघडी पडते.

हा योगायोग नाही. १२ सांध्यांची २४ समीकरणे असतात. रिअॅक्शन आधीच काढल्या तर अज्ञात मेंबर २१ उरतात, म्हणून तीन समीकरणे पडताळणीसाठी शिल्लक राहतात. ती वापरली नाहीत तर सांधा पद्धतीचा मोठा गुण वाया गेला. छेद पद्धतीत असा आपोआप ताळा नाही, तो दुसरी बाजू घेऊन मुद्दाम करावा लागतो.

रिअॅक्शन चुकली असेल तर दोन्ही पद्धती सारख्याच चुकतात. म्हणून तिची पडताळणी आधी, दुसऱ्या आधाराभोवती मोमेंट घेऊन.

सांधा पद्धत कुठे खरोखर अडते?

मोठ्या शेडच्या छपरात वापरला जाणारा संयुक्त फिंक ट्रस हे नेहमीचे उदाहरण. मूळ फिंक ट्रस आल्बर्ट फिंक यांनी पुलासाठी वापरला होता, त्याचे छपराचे रूप जगभर रूढ झाले. आठ पॅनेलच्या रूपात आधारापासून निघाले की पहिले काही सांधे सुटतात. मग राफ्टरच्या मधल्या सांध्यावर आणि त्याच्या जवळच्या टायवरच्या सांध्यावर प्रत्येकी तीन अज्ञात समोर येतात. कुठल्याही बाजूने गेले तरी तिथेच येऊन थांबावे लागते. मेंबर आणि सांध्यांची संख्या बरोबर असते, ट्रस निश्चितही असतो, तरीही सांधे एकेक करून सुटत नाहीत.

कारण असे की हा ट्रस म्हणजे दोन लहान ट्रस, शिखरावर पिनने आणि खाली मधल्या आडव्या टायने जोडलेले. त्या जोडातूनच छेद घ्या. शिखराजवळचा राफ्टर, शिखराकडे जाणारा आतला तिरका मेंबर आणि मधला टाय असे तीन मेंबर कापले जातात. पहिले दोन शिखरात मिळतात. शिखराभोवती एक मोमेंट घेतला की टायचे बल हाती येते. ते कळले की टायवरच्या सांध्यावर अज्ञात दोन उरतात आणि पुढे सांधा पद्धतीने सरळ जाता येते. एकच छेद, बाकी सगळे सांधे.

छेद चार मेंबर कापत असेल तर सोडून द्यायचा का?

लगेच नाही. चार अज्ञात असले तरी त्यातले तीन एकाच बिंदूतून जात असतील तर चौथा मिळतो. के ट्रस याचे नमुनेदार उदाहरण आहे. त्यात प्रत्येक उभ्या मेंबरच्या मध्यावर सांधा असतो आणि तिथून दोन तिरके मेंबर निघून ‘के’ अक्षर होते. सरळ उभा छेद दोन कॉर्ड आणि दोन तिरके मेंबर कापतो, त्यात काही सुटत नाही.

त्याऐवजी छेद वळवा: वरची कॉर्ड, उभ्याचा वरचा अर्धा, उभ्याचा खालचा अर्धा आणि खालची कॉर्ड असा, मधला सांधा वळसा घालून एका बाजूला ठेवत. उभ्याचे दोन्ही अर्धे एकाच रेषेत आहेत. त्या रेषेच्या खालच्या टोकाच्या सांध्याभोवती मोमेंट घेतला की दोन्ही अर्धे आणि खालची कॉर्ड गळते, वरची कॉर्ड मिळते. वरच्या टोकाभोवती घेतला की खालची. मग मधल्या सांध्यावर आडव्या बलांची बेरीज घेतली की, तिथे दुसरे आडवे बल नसल्याने, दोन्ही तिरक्यांचे आडवे घटक समान आणि विरुद्ध ठरतात. उभ्या छेदातली बेरीज त्यांची किंमत देते.

शून्य बलाचे मेंबर आधी शोधावेत का?

होय, पद्धत निवडण्याआधीच. भार नसलेल्या सांध्यावर तीन मेंबर असतील आणि दोन एका रेषेत असतील, तर तिसरा शून्य. भार नसलेल्या सांध्यावर दोनच मेंबर असतील आणि ते एका रेषेत नसतील, तर दोन्ही शून्य. आधाराच्या सांध्यावर हे नियम लावताना रिअॅक्शन हाही भारच आहे, हे विसरू नका.

आपल्या ट्रसमध्ये ख३व३ पहिल्या नियमाने शून्य ठरतो. म्हणून तो काढून टाकू नका. तो व३ ला धरून ठेवतो, त्यामुळे ट्रसच्या प्रतलात वरच्या कॉर्डची बिनआधाराची लांबी ३ मीटरच राहते. तो नसेल तर व२ ते व४ हा ६ मीटरचा सलग तुकडा ६७.५ किलोन्यूटन दाबाखाली येतो. आणि व३ वर पर्लिन बसवून १० किलोन्यूटन भार दिला की हाच मेंबर −१० चा होतो. मेंबर शून्य आहे की नाही हे त्या भाराच्या रचनेपुरतेच खरे असते.

भार बदलत असेल, उदाहरणार्थ पुलावर, तर कोणती पद्धत?

छेद, यात दुमत नको. भाराची प्रत्येक नवी जागा म्हणजे सांधा पद्धतीत पाच सांध्यांची फेरी. छेदात फक्त रिअॅक्शन आणि कापलेल्या पॅनेलमधली उभी बेरीज बदलते.

समजा चल भार फक्त ख१ आणि ख२ वर आहे, प्रत्येकी २० किलोन्यूटन. ख६ भोवती मोमेंट घेऊन डावी रिअॅक्शन = (२० × १५ + २० × १२) ÷ १८ = ३०. छेदात ३० − ४० = −१०, म्हणून व२ख३ = −१२.५. पूर्ण भाराखाली ताणात असलेला मेंबर अर्धवट भाराखाली दाबात गेला, आणि एकूण भार कमी असताना गेला. ‘सगळीकडे पूर्ण भार म्हणजे सर्वात वाईट स्थिती’ हा समज मध्यावरच्या तिरक्या मेंबरना लागू होत नाही. कॉर्डना मात्र तो लागू होतो. ट्रसचे स्वतःचे वजन या मेंबरमध्ये थोडा ताण ठेवते, तो धरून निव्वळ बल काढायचे. तरीही उणे राहिले तर मेंबर दाबासाठी डिझाइन करावा लागतो किंवा त्या पॅनेलमध्ये उलट्या दिशेचा दुसरा तिरका मेंबर द्यावा लागतो.

दोन्ही पद्धती कुठे चालत नाहीत?

एखाद्या पॅनेलमध्ये दोन्ही कर्ण ताण-दाब दोन्ही पेलणारे असतील, तर मेंबर आणि रिअॅक्शन यांची बेरीज सांध्यांच्या दुपटीपेक्षा जास्त होते. आपल्या ट्रसमध्ये २१ + ३ = २४ = २ × १२ अगदी जुळते. एक कर्ण वाढवला की २२ + ३ = २५ होते आणि समतोलाची समीकरणे कमी पडतात. मग मेंबरचे क्षेत्रफळ आणि लांबीतला बदल हिशेबात घ्यावा लागतो. बेरीज जुळली म्हणजे झाले असेही नाही: एका पॅनेलमध्ये दोन कर्ण आणि दुसऱ्यात एकही नाही, असा ट्रस संख्येने बरोबर पण प्रत्यक्षात कोसळणारा असतो.

शिवाय भार सांध्यावरच यायला हवा. पर्लिन दोन सांध्यांच्या मधोमध राफ्टरवर बसली, तर तो भार हिशेबासाठी शेजारच्या दोन सांध्यांवर वाटता येतो आणि मेंबरचे अक्षीय बल मिळते, पण राफ्टरमध्ये वाकणेही येते. ते या दोन्हींपैकी कुठलीच पद्धत दाखवत नाही, वेगळे मोजून त्यात मिळवावे लागते.

सॉफ्टवेअर असताना हे हाताने करायचे कशाला?

निश्चित ट्रसच्या बाबतीत सॉफ्टवेअरही प्रत्येक सांध्याचा समतोल लिहूनच सगळी समीकरणे एकदम सोडवते. म्हणून ते संयुक्त फिंकपाशी अडत नाही. पण दिलेला भार चुकीच्या सांध्यावर असेल किंवा रोलरऐवजी दुसऱ्या टोकालाही पिन दिली असेल, तर ते चुकीच्या ट्रसचे बिनचूक उत्तर देते. दोन्ही टोकांना पिन दिली की आपल्या उदाहरणातल्या खालच्या कॉर्डचा ताण एकदम घटतो, कारण आधार आडवे बल घेऊ लागतात. मध्यावर एक छेद घेऊन खालच्या कॉर्डचे बल हाताने काढा: मोमेंट भागिले उंची, +६०. पडद्यावर याहून बराच कमी आकडा दिसला तर सर्वात आधी आधारांची व्याख्या उघडून पाहा.